दंड भरला, तरी चोरीचा खटला कसा?

वकीलकाका, नमस्कार. आमचं गाव येरळाकाठी, सांगली जिल्ह्यात. गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या घरकुलासाठी एक ब्रास वाळू नेताना माझा ट्रॅक्टर तलाठ्यांनी धरला. पास नव्हता. 'जबाबावर सही कर, म्हणजे ट्रॅक्टर लवकर सुटेल' असं तहसीलमध्ये सांगितलं, म्हणून सही केली. सव्वा लाखाच्या आसपास दंड भरून ट्रॅक्टर सोडवला. वाटलं, विषय मिटला. दोन महिन्यांनी त्याच ट्रॉलीवरून माझ्यावर चोरीचा गुन्हा दाखल झाला. आता पोलीस ठाण्याची नोटीस आलीय. फोन आणा, पासवर्ड सांगा, जबाबावर सही करा म्हणतात. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही असं घटनेतच आहे ना? मित्र म्हणतो, हायकोर्टात गेलास की खटला उडेल. चुलते म्हणतात, कोर्टात शपथेवर विचारतील, गप्प बसलास तर गुन्हा कबूल धरतील. कुणाचं खरं?
– एक ट्रॅक्टरवाला

दोघांचंही चुकतंय, पण उलट्या बाजूंनी. मित्र ज्या कलमाच्या भरवशावर आहे ते कलम आज तुमच्या उपयोगाचं नाही. चुलते ज्याची भीती घालतायत ती गोष्ट कोर्टाला करताच येत नाही. खरी अडचण तिसरीकडेच आहे, तुम्ही तहसीलमध्ये केलेल्या त्या सहीत. तिच्याकडे येतोच, पण आधी दंडाचं बघू.

घटनेच्या कलम २० चं दुसरं उपकलम सांगतं की एकाच अपराधासाठी कोणावरही एकाहून जास्त वेळा खटला चालवून शिक्षा देता येणार नाही. वाक्य लहान आहे, पण त्यात तीन अटी दडलेल्या आहेत. आधी खटला चाललेला हवा, म्हणजे फौजदारी न्यायालयासमोर. त्यात शिक्षा झालेली हवी. आणि दुसऱ्यांदा जो खटला चालतोय तो त्याच अपराधाचा हवा. तुमचं प्रकरण पहिल्याच अटीला अडतं. तहसीलदारांनी दंड बसवला तो महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली. उपकलम ७ मध्ये खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, उपकलम ८ मध्ये वाहन अडकवून ठेवण्याची आणि सोडण्याची तरतूद आहे. हा दंड महसूल अधिकारी बसवतो. तिथे आरोप ठेवला जात नाही, साक्षीपुरावा फौजदारी पद्धतीने होत नाही, आणि निकालात कोणी 'दोषी' ठरत नाही. शिवाय त्याच कलमात आणखी कुठली कारवाई करायची असेल तर तिला बाधा न येता हा दंड, अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी दुसऱ्या कारवाईची वाट आधीच मोकळी ठेवलेली आहे.

हा प्रश्न घटना लागू झाल्यावर लगेचच सुप्रीम कोर्टापुढे आला होता, आणि तोही मुंबईतून. १९४९ साली जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या मकबूल हुसेन नावाच्या प्रवाशाकडे शंभराहून जास्त तोळे सोनं सापडलं. कस्टमने सोनं जप्त केलं. पुढे परकीय चलनाच्या कायद्याखाली त्याच्यावर मुंबईच्या मॅजिस्ट्रेटपुढे खटला भरला गेला. त्याचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: सोनं गेलं ही शिक्षा झाली की, आता पुन्हा खटला कसला? १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कस्टमचा अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे. त्याने माल जप्त केला, दंड लावला, तरी तो घटनेच्या अर्थाने खटला होत नाही. पुढच्याच वर्षी एका सरकारी अधिकाऱ्याच्या बाबतीत तेच झालं. खातेनिहाय चौकशीत तो बडतर्फ झाला होता, तरीही लाचेचा खटला चालवायला कोर्टाने हरकत मानली नाही. कस्टम अधिकाऱ्याच्या जागी तहसीलदार बसवा, सोन्याच्या जागी वाळू ठेवा, तुमचं उत्तर मिळतं.

आता तिसरी अट. समजा, दंड तहसीलदारांऐवजी कोर्टाने केला असता, तरी अपराध तोच आहे का हे बघावं लागलं असतं. इथे गावातली समजूत अशी असते की प्रसंग एक म्हणजे गुन्हा एक. कायदा तसं मोजत नाही. कुठल्या कलमात काय काय सिद्ध करावं लागतं त्यावर तो मोजतो. खाण आणि खनिजांच्या केंद्रीय कायद्यात परवान्याशिवाय खनिज काढलं किंवा नेलं एवढं पुरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधल्या चोरीला आणखी काही लागतं: वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, त्याच्या संमतीविना हलवलेली हवी आणि मनात लबाडी हवी. नदीपात्रातली वाळू जमिनीचाच भाग, मग ती चोरीची वस्तू कशी, असा बचाव पूर्वी व्हायचा. पण जमिनीपासून सुटी केली की ती जंगम होते, असं चोरीच्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. २०१४ मध्ये दिल्लीच्या यमुनेतल्या वाळूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की खनिज कायदा असला तरी पोलिसांना चोरीचा गुन्हा नोंदवून तपास करता येतो. मग २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या जयंत प्रकरणात आणखी एक पाऊल पुढे गेलं. तिथे लोकांनी खाण खात्याशी रीतसर तडजोड करून पैसे भरले होते. कोर्टाने म्हटलं, तडजोड झाली म्हणून खनिज कायद्याखालचा खटला थांबेल, पण चोरीचा खटला चालू राहील.

म्हणून फक्त 'एकदा दंड झालाय' या मुद्द्यावर हायकोर्टात जाऊ नका. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सांगलीकरांना मुंबईची वारी चुकलीय खरी, पण हरणारा मुद्दा कोल्हापुरातही हरतोच, फक्त एसटीचं तिकीट कमी लागतं.

मात्र तुमच्या वकिलाला दोन कागद नीट बघायला सांगा. एक, पैसे कुठल्या कलमाखाली घेतले ते तहसीलच्या आदेशात काय लिहिलंय. दुसरा, आता दाखल झालेल्या एफआयआरमधली कलमं. चोरीसोबत खनिज कायद्याचं कलम २१ ही लावलेलं असेल, तर त्या कलमापुरती एक अडचण पोलिसांना आहे. त्या अपराधाची दखल कोर्ट पोलिसांच्या दोषारोपपत्रावर घेऊ शकत नाही, त्यासाठी सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार कोर्टात यावी लागते. एवढ्याने चोरीचं कलम पुसलं जाणार नाही, पण अर्धा भार हलका होतो. आणि पुढे कधी शिक्षेची वेळ आलीच, तर सव्वा लाख भरल्याची गोष्ट शिक्षा कमी करायला कोर्टापुढे ठेवता येते, तिथे ती वाया जात नाही.

मग हे दोनदा शिक्षा नको असलेलं संरक्षण तुमच्या हाती येणार कधी? हा चोरीचा खटला संपल्यावर. तेव्हा मात्र ते घटनेत दिसतं त्याहून मोठं असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३७, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं ३००, सांगतं की अधिकार असलेल्या कोर्टात एकदा खटला चालून दोषी ठरलात किंवा निर्दोष सुटलात, तर तो निकाल कायम आहे तोवर त्याच अपराधासाठी पुन्हा उभं करता येत नाही. घटनेत शिक्षा झालेल्याला संरक्षण आहे, इथे सुटलेल्यालाही आहे. आणखी पुढे जाऊन, त्याच हकिकतीवरून पहिल्याच वेळी जो पर्यायी आरोप ठेवता आला असता, तोही नंतर ठेवता येत नाही. समजा, कोर्टाने तुम्हाला चोरीतून निर्दोष सोडलं. सहा महिन्यांनी कुणाला सुचलं की याने चोरली नसेल, पण चोरीची वाळू घेऊन तरी गेला, म्हणून त्याच ट्रॉलीवरून चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा लावू. तसं करता येणार नाही. चोरी आणि चोरीचा माल बाळगणं यांतलं नक्की काय झालं याची शंका असेल तर दोन्ही आरोप पहिल्याच खटल्यात ठेवायची सोय कायद्यात आहे, ती वापरली नाही हा सरकारचा दोष. दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या ट्रॉलीला अर्थातच हे लागू नाही.

यात लोक फसतात ते एका शब्दावर. पोलिसांनी 'ब' समरी, म्हणजे तक्रारच खोटी होती असा अहवाल, पाठवली किंवा आरोप ठेवण्याआधीच कोर्टाने 'डिस्चार्ज' केलं, की घरी पेढे वाटले जातात. या दोन्ही गोष्टी निर्दोष सुटका नव्हेत. डिस्चार्जबद्दल तर त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात तसं लिहिलंय. नवा पुरावा आला तर फाइल पुन्हा उघडू शकते. आणि सरकारने निर्दोष सुटकेविरुद्ध अपील केलं, तर ती दुसरी वेळ धरली जात नाही. पहिलाच खटला वरच्या कोर्टात चालू राहिला असं मानतात.

आता त्या सहीकडे.

तहसीलदार न्यायालय नाही, म्हणून दंडाचा मुद्दा गेला. पण तहसीलदार पोलीसही नाही, आणि याचाही फटका तुम्हालाच बसतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही असा नियम आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहे, आता तो साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. तो नियम 'पोलीस अधिकारी' या शब्दावर उभा आहे. कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे दिलेले जबाब कोर्टांनी वर्षानुवर्षं पुराव्यात घेतले ते याच कारणाने, तो अधिकारी पोलीस नाही म्हणून. घटनेतलं स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको हे संरक्षण, म्हणजे कलम २० चं तिसरं उपकलम, तेही 'आरोप असलेल्या' माणसाला आहे. तुम्ही तहसीलमध्ये सही केली तेव्हा गुन्हा दाखल झालेला नव्हता. म्हणजे एका खोलीत, एका टेबलापाशी, दोन्ही संरक्षणं बाहेर उभी होती आणि तुम्ही आत होतात. माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत वाळूच्या फायली पुष्कळ आल्या. त्यांतल्या बहुतेकांत पोलिसांच्या कागदापेक्षा महसूलचा पाच ओळींचा जबाब जास्त त्रास देतो. 'मी सदरची वाळू नदीपात्रातून विनापरवाना भरली, मला दंड मान्य आहे.' अक्षर कारकुनाचं, सही आपल्या माणसाची.

तुमच्या पत्रात मात्र एक वाक्य आहे, ते तुमच्या वकिलाला शब्दशः सांगा: 'सही कर, म्हणजे ट्रॅक्टर लवकर सुटेल.' साक्ष अधिनियमाचं कलम २२ पोलिसांपुरतं नाही. अधिकाराच्या जागेवरच्या कोणाही माणसाने धमकी, आमिष किंवा आश्वासन देऊन कबुली घेतली आणि ऐकणाऱ्याला त्यातून कारवाईत आपला फायदा होईल असं वाजवीपणे वाटलं, तर ती कबुली बाद होते. तहसील कचेरीतला अधिकारी अधिकाराच्या जागेवर आहे यात शंका नको. ट्रॅक्टर सुटण्याचं आश्वासन त्या कलमात बसतं की नाही यावर सरकारी वकील भांडेल, कारण तेव्हा चोरीचा आरोप नव्हता असं तो म्हणणारच. पण मुद्दा लढण्यासारखा आहे. त्यासाठी ते वाक्य कोण बोललं, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं, सही आधी झाली की चलन आधी भरलं, हे आजच आठवून एका वहीत लिहून ठेवा. खटला उभा राहील तेव्हा तलाठ्यांच्या उलटतपासात हेच प्रश्न विचारायचे आहेत. त्या जबाबाची आणि आदेशाची सहीशिक्क्याची नक्कलही तहसीलमधून काढून घ्या. तुमच्या सहीखाली काय लिहिलंय हे तुम्हालाच नक्की माहीत नसेल असं मला वाटतं.

पोलीस ठाण्यात मात्र तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही. तिथे तुमचं नाव एफआयआरमध्ये आहे, म्हणजे तुम्ही आरोपी आहात, आणि तिसरं उपकलम तिथे तुमच्याबरोबर असतं. नोटीस टाळू नका, तारखेला हजर राहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस पाळणाऱ्याला पोलीस सहसा अटक करत नाहीत, करायची तर कारण लिहावं लागतं. हजर राहणं हे तुमचं कर्तव्य आहे, पण गोत्यात आणणारं उत्तर देणं नाही. कलम १८० मध्येच लिहिलंय की तपास अधिकाऱ्याच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची, पण ज्या उत्तराने स्वतःवर फौजदारी आरोप येईल ते सोडून. हा नियम पोलीस ठाण्यातही चालतो, तो फक्त कोर्टापुरता नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात ठरवलं. ओडिशाच्या त्या माजी मुख्यमंत्र्यांना कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात प्रश्नांची लेखी यादी दिली होती. त्यांनी उत्तरं नाकारली म्हणून त्यांच्यावरच गुन्हा लावला होता.

नाव, पत्ता, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे, हे सांगायला हरकत नाही. वाळू कुठून भरली, कितव्यांदा भरली, कुणी सांगितलं, इथे थांबायचं. खोटं सांगू नका, 'वकिलांशी बोलून सांगतो' म्हणा. ते जबाब टाइप करतील, त्यावर सही मागतील. कलम १८१ सांगतं की पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नाही. नोटीस मिळाल्याची पोच, जप्ती पंचनामा, अटक झालीच तर अटकेचा कागद, यांवर सही असते आणि ती करावी. जबाबावर नसते. नम्रपणे एवढंच म्हणा, 'साहेब, जबाबावर सही घेत नाहीत ना.' ठाण्यातल्या अनुभवी हवालदाराला हे तुमच्याआधीपासून माहीत असतं.

एक सापळा तुमच्या कामात येण्याची दाट शक्यता आहे, म्हणून तो उलगडून सांगतो. तुम्ही कधी आणखी वाळू शेडमागे साठवलेली असेल, असं धरू. दोन पंचांसमोर लिहिलं जातं: 'मी नदीतून चोरून आणलेली वाळू शेडमागे टाकली आहे, चला, दाखवतो.' मग जीप शेडकडे जाते, ढीग सापडतो, दुसरा पंचनामा होतो. पोलिसांपुढची कबुली चालत नाही ना? नाही चालत. पण साक्ष अधिनियमाच्या त्याच कलम २३ मध्ये एक अपवाद आहे. ताब्यातल्या आरोपीने सांगितल्यामुळे एखादी गोष्ट सापडली, तर सांगण्यातला तेवढ्या शोधाशी थेट जोडलेला भाग पुराव्यात येतो. कोर्ट त्या वाक्यातून 'नदीतून चोरून आणलेली' हे शब्द कापून टाकतं आणि 'शेडमागे टाकली आहे, दाखवतो' हे ठेवतं. उरलेलं अर्धं वाक्यही पुरेसं असतं, कारण ढिगाची माहिती तुम्हाला होती हे त्यातून दिसतं. सक्तीने काढलं असेल तर तेही बाद, पण सक्ती तुम्हाला दाखवावी लागेल, आणि बंद खोलीतली सक्ती दाखवणं फार अवघड असतं. वकील बरोबर असले तर हे वाक्य बहुधा लिहिलंच जात नाही. अटक झाली, तर चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क तुम्हाला आहे, सगळा वेळ शेजारी बसवण्याचा नव्हे. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा.

आता फोन. इथे एक रेघ समजून घ्या, तिच्यावरच सगळं ठरतं. १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांनी काठी कालू ओघड प्रकरणात सांगितलं की स्वतःविरुद्ध साक्ष देणं म्हणजे आपल्या डोक्यातली माहिती शब्दांत देणं. बोटाचा ठसा, हस्ताक्षराचा नमुना, चेहरा, ही माहिती नव्हे. त्या वस्तू आहेत, आणि त्यांची नुसती तुलना करायची असते. म्हणून त्या घेता येतात. आवाजाचा नमुनाही २०१९ पासून मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने घेता येतो, आणि नव्या संहितेच्या कलम ३४९ मध्ये तो आता लिहूनच ठेवलाय. वाळू सांगणाऱ्याशी तुमचं बोलणं पोलिसांच्या हाती असेल, तर असा अर्ज येऊ शकतो. आदेश मॅजिस्ट्रेटचा हवा, फौजदाराचा तोंडी हुकूम पुरत नाही, आणि वाचायला दिलेला मजकूर तुम्हालाच अडकवणारी वाक्यं जुळवून केलेला नसावा.

पासवर्ड या रेघेच्या बरोबर वर पडतो. फोन ही वस्तू आहे, ती जप्त होईल, तुम्ही अडवू शकणार नाही. पण पासवर्ड फक्त तुमच्या डोक्यात आहे. यावर देशातल्या कोर्टांचं एकमत झालेलं नाही. काहींनी तो कुलपाच्या किल्लीसारखा धरला, काहींनी मनातली माहिती धरली. तोवर माझा सल्ला असा की फोन पंचनाम्यावर द्या, पासवर्डसाठी लेखी आदेश मागा, आणि ठाण्यात बसून मेसेज पुसू नका. ते पुसणं हा नवा गुन्हा होईल, आणि तिथे 'त्याच अपराधासाठी पुन्हा' म्हणायलाही जागा राहणार नाही.

राहिले चुलते. त्यांनी कदाचित दिवाणी दावा बघितला असेल, तिथे वादी-प्रतिवादी शपथेवर बोलतात. फौजदारीत आरोपीला सरकार साक्षीदार म्हणून बोलावूच शकत नाही. कलम ३५३ प्रमाणे तुम्ही स्वतः लेखी मागणी केली तरच शपथेवर साक्ष देता येते, आणि नाही दिली तर त्यावर सरकारी वकिलाने किंवा न्यायाधीशांनी टिप्पणीसुद्धा करायची नाही असं कायदा म्हणतो. एकदा साक्ष द्यायला उभे राहिलात की मात्र उलटतपासाला तोंड द्यावं लागेल. चोरीच्या साध्या खटल्यात मी अशिलाला सहसा उभं करत नाही. तुमचा तर स्वतःचा सही केलेला जबाब फाइलमध्ये आहे, तो समोर धरून विचारलं तर काय सांगणार?

त्याऐवजी एक दुसरी पायरी असते, ती मात्र सहसा चुकवता येत नाही. सरकारी पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायाधीश स्वतः तुम्हाला प्रश्न विचारतात, कलम ३५१ खाली. आधी हे ३१३ चं स्टेटमेंट म्हणून ओळखलं जायचं, कोर्टात अजूनही तसंच म्हणतात. तिथे शपथ नाही. उत्तर दिलं नाही किंवा चुकीचं दिलं म्हणून शिक्षा नाही. पण दिलेलं उत्तर विचारात घेतलं जातं, आणि उघड खोटं ठरलेलं उत्तर बाकी पुराव्याला जोड देतं. माणसं इथे पाठ केल्यासारखं प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे' म्हणत जातात. 'हा ट्रॅक्टर तुमच्या मालकीचा आहे?' 'खोटं आहे.' आरसी बुक समोर असतं. न्यायाधीशांचं पेन तेवढ्यापुरतं थांबतं आणि मग बाकीच्या उत्तरांवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

आणि गप्प राहण्याच्या हक्कालाही एक कड आहे. एखादी गोष्ट फक्त आरोपीलाच माहीत असू शकते, तर ती सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. साक्ष अधिनियमातलं उदाहरण रेल्वेच्या तिकिटाचं आहे: बिनतिकीट प्रवासाचा आरोप असेल, तर तिकीट होतं हे प्रवाशानेच दाखवायचं. वाळूच्या पासचंही तसंच. तुमच्याकडे पास नव्हता हे तुम्ही मला लिहिलंत ते बरं केलंत, म्हणजे त्या वाटेला वकील जाणार नाही. तुमचा बचाव लबाडीच्या हेतूभोवती, वाळू नेमकी कुठून भरली याच्या पुराव्याभोवती आणि त्या जबाबाभोवती उभा राहील. शेजाऱ्याच्या घरकुलाचे कागद, वाळू कुणी कुठून घ्यायला सांगितली, त्याचे पैसे कुणाला दिले, हे वकिलाला बंद खोलीत सगळं सांगा. वकिलाला सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय कोर्टात उघड करता येत नाही.

३५१ च्या प्रश्नांत 'तुम्ही दंड भरला हे खरं आहे का?' असा एक प्रश्न हमखास येईल. त्याला 'खोटं आहे' म्हणू नका. चलनाची मूळ प्रत घरी ठेवा, झेरॉक्स वकिलांकडे द्या, आणि उत्तर द्या: 'दंड भरला हे खरं आहे, ट्रॅक्टर सोडवण्यासाठी भरला.'